रात्रीची वाटणी

ट्रकच्या चाकाची लोखंडी रिंग उडाली ती थेट पत्र्याच्या छपराला भोक पाडून गेली. मिस्त्रीच्या कानशिलापासून ती वीतभर अंतरावरून गेली असेल. गॅरेजमधले सगळे जमिनीवर आडवे झाले. असं चाक हवा भरण्याआधी लोखंडी पिंजऱ्यात ठेवायचं असतं, हे मिस्त्रीनेच तिथल्या एकेकाला घसा कोरडा करून शिकवलं होतं. आणि आज तोच चाक उघड्यावर ठेवून, हवेची नळी लावून, उकिडवा बसल्या बसल्या पेंगला होता.

ज्याला सगळे दाढी म्हणत, त्या जोडीदाराने कॉम्प्रेसर बंद केला आणि धावत येऊन मिस्त्रीची कॉलर धरली. दोघांनी बारा वर्षं एका डब्यात जेवण केलेलं. दाढीला दम लागला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं आणि राग मावत नव्हता. त्याने मिस्त्रीच्या कानाखाली एक सणसणीत वाजवली.

"मरायचं असेल तर घरी मर! आमची डोकी कशाला उडवतोस? रात्रभर पोरगी खेळवतोस आणि इथे येऊन झोपा काढतोस! बायको काय शोकेसमध्ये ठेवायला आणलीस का रे?"

एरवी मिस्त्री हसला असता. त्या दिवशी त्याच्या हाताशी टायर उचकटायची टामी होती, हातभर लांब आणि मनगटाएवढी जाड. ती कधी उचलली हे त्याला पुढे कितीही आठवून आठवलं नाही. आवाज मात्र आठवायचा. सुकी फांदी मोडावी तसा. दाढी गालावर हात धरून खाली बसला. बोटांमधून रक्त आणि त्या रक्तात दोन दात. मिस्त्रीने टामी पुन्हा वर नेली, तेव्हा चौघांनी मिळून त्याला भुईवर पाडलं. एक जण छातीवर बसला, दुसऱ्याने बोटं पिरगाळून टामी सोडवून घेतली. मालक फोनवर ओरडत होता.

पोलिसांची गाडी आली. मिस्त्रीला ज्या चौकीत नेलं, तिथेच त्याची बायको हवालदार होती. सध्या बाळंतपणाच्या रजेवर.

ओळखीचे चेहरे बघून त्याला लाज वाटायला हवी होती. पण कोठडीच्या फरशीवर पाठ टेकली आणि त्याला अशी झोप लागली की कोपऱ्यातला भुरटा चोर त्याच्या नाकाशी हात धरून श्वास चालू आहे का बघून गेला.

झोपेचं हे दुखणं बाळंतपणापासूनचं होतं. पोट कापून पोरगी काढली, आणि त्यानंतर बायकोचा रक्तस्राव थांबेना. दवाखान्याच्या व्हरांड्यात मिस्त्रीने रक्ताने भिजलेल्या चादरी बाहेर जाताना पाहिल्या होत्या. ती वाचली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "अंगात रक्त कमी आहे. यांना सलग झोप मिळेल असं बघा." मिस्त्रीने ते वाक्य असं धरलं की सोडलंच नाही. बायकोला आतल्या खोलीत झोपवायचं, दार लावायचं आणि बाहेर आपण मुंगीला घेऊन बसायचं. पोरगी इतकुशी होती म्हणून मुंगी. बायको दिवसा दूध काढून फ्रिजमध्ये ठेवी. तो रात्री ते गरम पाण्याच्या वाटीत धरून कोमट करी आणि पाजी. लंगोट बदलणं, ढेकर काढणं, फेऱ्या मारणं, सगळं तोच करी. सकाळी डोळ्यांवर पाणी मारून गॅरेजला.

"एखादं पाजणं मला दे की," बायको म्हणायची. "दूध साचतं. छाती दगड होते माझी."

"तू झोप. डॉक्टरांनी सांगितलंय."

"छातीत ठणका लागल्यावर कोण झोपतं रे?"

तो ऐकून न ऐकल्यासारखं करी. बाजूच्या गल्लीत राहणारी त्याची थोरली बहीण दिवसा स्वयंपाकाला यायची. तिने रात्री राहते म्हटलं, तर हा तिच्यावरही खेकसला. "माझी पोरगी आहे, मी बघीन." वरच्या मजल्यावरच्या माणसाने भिंतीत ड्रिल चालवलं, तेव्हा जिना चढून जाऊन त्याचं ड्रिल खिडकीतून खाली फेकलं. दारावर थाप मारली म्हणून कुरिअरवाल्याचा गळा धरला. बायकोच्या झोपेची राखण करता करता तो सगळ्या इमारतीच्या अंगावर जायला लागला होता.

कोठडीचे गज वाजले म्हणून तो जागा झाला. बाहेर बायको उभी होती. एक हात पोटाच्या टाक्यांवर, चेहरा पांढराफटक.

"तू कशाला उठून आलीस? टाके..."

"गप," ती म्हणाली. "दाढीचा जबडा मोडलाय. दोन दात गेलेत. साहेबांनी मला या केसमध्ये बोट घालू नको म्हणून सांगितलंय आणि त्यांचं बरोबर आहे. जामीन होईल. पुढचं कोर्ट बघेल."

त्याने गजांतून तिचा हात धरला. हात तापलेला होता.

"ताप आहे तुला?"

"सकाळपासून आहे. तुझ्या लक्षात यायला तुला अटक व्हावी लागली."

संध्याकाळी तो सुटला. मालकाने उद्यापासून येऊ नको म्हणून निरोप ठेवला होता. घरी येताच त्याने काय करावं? मुंगीला बहिणीच्या मांडीवरून उचललं, बायकोला आतल्या खोलीत ढकललं आणि म्हणाला, "आता तर काय, सकाळी कामावर जायचं नाही. रात्र माझी."

"तू माणसात नाहीस," बहीण म्हणाली. "दे ती इकडे."

"ताई, घरी जा!" त्याने दार असं आपटलं की कडीचा स्क्रू निघून पडला.

मुंगी त्या रात्री रडायची थांबेचना. दूध घेतलं, ढेकर दिला, लंगोट कोरडा, तरी रडणं चालूच. मिस्त्री फेऱ्या मारत राहिला. कान सुन्न झाले. रडणं थांबलं तरी डोक्यात चालू राहायचं, आणि थांबल्यासारखं वाटलं की पुन्हा सुरू व्हायचं. त्याच्या डोळ्यांपुढे सारखा दाढीचा गाल येत होता. त्याने बाटली भिंतीवर फेकली. काच फुटली, दूध भिंतीवरून ओघळलं. मुंगी दचकून आणखी किंचाळली.

आणि मग त्याला दिसलं की आपले दोन्ही हात पुढे ताणलेले आहेत. हातांत पोरगी आहे, तिची मान मागे लुळी पडलीय, आणि आपली बोटं तिच्या बरगड्यांत रुतलीयत. दात आवळले होते. आता एक हिसका, एवढंच बाकी होतं.

"खाली ठेव."

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. बायको ओरडली नाही, धावलीही नाही. ड्युटीवर गर्दीसमोर उभी राहून बोलायची त्या आवाजात ती बोलली.

"पाळण्यात ठेव. मानेखाली हात घाल. पाठीवर निजव. आता सोड. बाहेर जा."

त्याने एकेक गोष्ट सांगितल्याबरहुकूम केली. जिन्यात आल्यावर त्याने भिंतीवर मूठ मारली. मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. बोटांची कातडी सोलून निघाली, भिंतीवर लाल ठसे उमटले, आणि वरच्या मजल्यावरच्या ड्रिलवाल्याने दार किलकिलं करून पुन्हा लावून घेतलं.

बऱ्याच वेळाने बायको बाहेर आली. मुंगी दूध पिऊन निजली होती. बायकोने त्याच्या थोबाडीत दिली. एक, मग दुसरी. तिसऱ्या वेळी हात उचलला आणि टाके ओढले गेले म्हणून ती कळवळून पायरीवर बसली. तो धरायला वाकला तर तिने त्याला कोपराने ढकललं.

"नोकरीत अशी दोन पोरं बघितलीत मी," ती म्हणाली. "दोन्ही बापांनी हेच सांगितलं, नुसतं हलवलं साहेब. एक पोर गेलं. दुसरं आंधळं झालं. तू पाळण्यात ठेवलीस म्हणून तू आत्ता इथे आहेस. रडून पोर मरत नाही. डोकं फिरलं की तिला ठेवायचं, दार ओढायचं आणि बाहेर यायचं. कळलं?"

मिस्त्री हमसून हमसून रडायला लागला. "तू मेली असतीस तर?" एवढंच त्याला सारखं म्हणता येत होतं. "चादरी बघितल्यात मी. तू मेली असतीस तर?"

"मेले नाही ना? मग मेल्यासारखं आत का कोंडतोस?"

सकाळी दोघं मुंगीला घेऊन दवाखान्यात गेली. बायकोने काय झालं होतं ते आडपडदा न ठेवता सांगितलं. मिस्त्री मान खाली घालून उभा होता. डॉक्टरीणबाईंनी पोरीचे कपडे काढून बरगड्या, मान, टाळू, डोळे, सगळं तपासलं. बोटांचे वळ होते, बाकी काही नव्हतं. दोन दिवस नजर ठेवा, सुस्तावली किंवा उलट्या झाल्या तर तडक आणा, म्हणाल्या. मग बायकोला तपासलं. दूध साचून गाठ झाली होती, ताप त्याचाच. गोळ्या दिल्या आणि पाजत राहा म्हणून सांगितलं.

"तुम्ही झोप म्हणालात!" मिस्त्री म्हणाला.

"तिची झोप म्हणाले. स्वतःचा जीव द्या असं नाही म्हटलं. तुम्ही दोघं आहात, आणि बहीण आहे. एकट्याने कोण करतं हे?"

वाटणी बायकोनेच केली, चौकीत ड्युट्या लावतात तशी. संध्याकाळी पाजून, दूध काढून ती आत निजायची आणि मध्यरात्र उलटेपर्यंत तिला कोणी उठवायचं नाही. तो वेळ मिस्त्रीचा. मग तिने उठायचं, कुशीवर पडून पाजायचं, आणि मिस्त्रीने दार लावून उजाडेपर्यंत मेल्यासारखं पडायचं. दर तिसऱ्या रात्री त्याची पाळी ताईने घ्यायची. दुपारी ताई असताना बायकोने आणखी एक झोप काढायची. भांडी, धुणी, पाणी भरणं मिस्त्रीकडे.

"तुझी झोप माझ्यापेक्षा कमी पडतेय," तो हिशोब करून म्हणाला.

"दुपारची धर. आणि तक्रार असेल तर साहेबांना अर्ज कर."

दाढीला भेटायला मिस्त्री दवाखान्यात गेला, तेव्हा दाढीने उशाचा स्टीलचा तांब्या उचलून नेमका त्याच्या कपाळावर मारला. चार टाके पडले. जबडा तारेने बांधलेला असल्याने दाढीला शिव्या देता येईनात, म्हणून त्याने हाताशी होतं ते सगळं फेकलं, पेला, औषधाची बाटली, चप्पल. मिस्त्रीने एकही चुकवलं नाही. केस मागे घ्यायला दाढीने साफ नाही म्हणून मान हलवली. मिस्त्रीने मागितलंही नव्हतं. जाताना त्याने खाली पडलेल्या वस्तू उचलून टेबलावर पुन्हा मांडून ठेवल्या.

त्या रात्री कपाळाला पट्टी आणि हाताला पट्टी अशा अवतारात त्याने मुंगीला दूध पाजलं. ती दोनदा रडली. दुसऱ्यांदा त्याच्या डोक्यात पुन्हा ती सणक चढायला लागली, तसं त्याने तिला पाळण्यात ठेवलं, जिन्यात जाऊन उभा राहिला, आणि श्वास जागेवर आल्यावर परत आला. नंतर आतलं दार उघडून बायको बाहेर आली. तिचे केस विस्कटले होते, गालावर उशीचे वळ उठले होते, आणि ताप उतरला होता.

"जा," ती म्हणाली.

"थोडं थांबतो. तू..."

तिने त्याच्या बरगडीत असा गुद्दा हाणला की तो "आई गं" म्हणत आत गेला आणि पांघरूण न घेताच झोपला.