नऊ मार्चची किल्ली

वरच्या मजल्यावरच्या सुलेखानं जागा सोडायची नोटीस चक्क स्पीड पोस्टानं पाठवली. राहते आमच्या डोक्यावर. रोज दुपारी चारला माझ्या सायलीला उचलून गच्चीत नेते, म्हणून माझी अंघोळ होते. आणि नोटीस मात्र पोस्टमनच्या हातानं. का, तर करारात 'लेखी' असं लिहिलंय.

सुलेखा नर्स आहे. तिला अजिंठ्याकडच्या आरोग्य केंद्रात नोकरी लागली होती, दोन मार्चला हजर व्हायचं होतं. म्हणून अठ्ठावीस फेब्रुवारीला जागा सोडते, असं तिनं लिहिलं होतं. नोटीस आम्हाला मिळाली वीस जानेवारीला.

घराचे मालक माझे सासरे, बद्रीनाथमामा. पण लिखापढी माझ्याकडं, कारण मामांचं अक्षर मामांनाच लागत नाही. सायली झोपली तेव्हा पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून मी कागद घेऊन बसले. मामा समोर पाठीमागं हात बांधून फेऱ्या मारत सांगायला लागले. सहा महिने लॉक-इन होतं, त्याआधी जागा सोडली तर एक महिन्याचं भाडं अनामत रकमेतून कापायचं ठरलं होतं, आणि लॉक-इन संपतं एकवीस मार्चला.

माझा पेन तिथंच थांबला. करार तर दहा सप्टेंबरपासूनचा होता. औरंगपुऱ्यातल्या एजंटाकडं दोघांनी अंगठे लावले तेव्हा मी सायलीला पोटात घेऊन खुर्चीवर बसले होते. मग एकवीस कुठून आलं?

आलं ते पितृपक्षातून. सुलेखा सामान घेऊन यायला निघाली होती, तर मामांनी तिला थांबवलं. आमच्यात पितृपक्ष नसतो मामा, आम्ही बौद्ध आहोत, असं तिनं हसत सांगितलं होतं. तुझ्यात नसंल, माझ्या घराला आहे, असं मामा म्हणाले. मग ती बिचारी घटस्थापनेला, बावीस तारखेला राहायला आली. मामांचे सहा महिने त्या दिवसापासून सुरू झाले होते.

खरं सांगते, मी तेव्हा गप्प बसू शकले असते. नऊ मार्च असतं, तर किल्ली स्वतःकडं ठेवून, वरच्या नऊ दिवसांचं भाडं देऊन ती दंडातून सुटली असती. एकवीस मार्च लिहिलं, तर तीन आठवडे रिकाम्या खोलीचं भाडं देण्यापेक्षा कदाचित तिनं हजर व्हायची तारीखच पुढं ढकलून मागितली असती. म्हणजे मला आणखी तीन आठवडे चारची अंघोळ. सायलीला पहिल्यांदा पालथं पडताना तिनं पाहिलं होतं, मी नाही. तिच्यावाचून दुपार कशी जाईल, हे मला सुचतच नव्हतं.

पण दोरी हलवता हलवता मी शेजारच्या कपाटातली भाड्याची पावती काढली. अक्षर माझंच होतं.

"मामा, सप्टेंबरचं भाडं आपण कोणत्या तारखेपासून घेतलं?"

"करारापासून. दहापासून. कागदाला कागद."

"आणि लॉक-इन?"

मामा फेरी मारायचे थांबले. चष्मा शोधायला गेले, जो त्यांच्या कपाळावरच होता. परत आले ते म्हणाले, "लई शिकलीस तू. लिही, नऊ मार्च."

मग मी लिहिलं. आपली नोटीस २० जानेवारी रोजी मिळाली. करारातील एक महिन्याची मुदत १९ फेब्रुवारीला पूर्ण होते, त्याबाबत आमची हरकत नाही. लॉक-इन मात्र ९ मार्चपर्यंत आहे. त्यापूर्वी जागा सोडल्यास एक महिन्याचे भाडे अनामत रकमेतून कापले जाईल. ९ मार्च वा त्यानंतर किल्ली दिल्यास दंड नाही. त्या तारखेपर्यंतचे भाडे आणि वीजबिल वजा करून उरलेली रक्कम त्याच दिवशी आपणास परत मिळेल. मामांनी सही केली आणि खाली तारीख दोनदा वाचली.

चारला सुलेखा आली. तिनं जिन्यातच पत्र वाचलं.

"'आपणास' म्हणजे मी का गं?"

"पोस्टानं बोलणाऱ्यांना आम्ही 'आपण'च म्हणतो."

ती हसली, सायलीच्या मुठीतून पत्र सोडवलं आणि नऊपर्यंत किल्ली माझ्याकडंच, असं म्हणून वर गेली.

एक मार्चला तिचं सामान गेलं. वरून बादली सरकल्याचा आवाज येईना, तर सायली छताकडं बघत राहायची. मीही.

नऊला दुपारी ती अजिंठ्याहून बसनं आली. मामा पैसे मोजून, कोऱ्या पाकिटात घालून ओट्यावर तयारच बसले होते. वीजबिल कापलेलं, दंड शून्य. तिनं किल्ली काढली, पण दिली नाही. "मामा, आजचा दिवस माझाच ना अजून?" मामांनी मान हलवली. ती सायलीला कडेवर घेऊन रिकाम्या घरातून गच्चीत गेली.

माझी अंघोळ त्या दिवशी सकाळीच झाली होती. तरी मी टॉवेल घेतला आणि आत गेले.