ऐकणाऱ्याकडे बघायचं

त्या संध्याकाळी बाबा आपल्या खुर्चीत न बसता सोफ्यावर लेकीच्या शेजारी येऊन बसले, तेव्हाच तिला शंका यायला हवी होती. पण पडद्यावरच्या माणसांवर शंका घेण्याची त्या घराला एवढी हौस, की घरातल्या माणसांवर घ्यायला सवड नसे.

बाबा विमा कंपनीत खोटे दावे पकडायचे. निवृत्तीनंतर पकडायला कोणी उरलं नाही, म्हणून ते सिनेमातल्या लोकांच्या मागे लागले. त्यातही लाडका प्रकार एकच: गोष्ट सांगणाराच खोटं बोलतोय, किंवा त्याचं डोकं ठिकाणावर नाही, आणि बघणाऱ्याला हे शेवटी कळतं. दर शनिवारी बापलेक असा एक सिनेमा लावत. तो रंगात यायच्या आत बाबांचा हात वर.

"थांबव. हा भाऊ मेलेला आहे. वेटरने एकदा तरी त्याच्याकडे बघितलं का?"

भाऊ मेलेलाच निघायचा.

"कसं कळतं हो तुम्हाला?"

"आयुष्य गेलंय यात," बाबा मिशीतल्या मिशीत हसत. "असा सिनेमा खरा दुसऱ्यांदा बघायचा. तेव्हा बोलणाऱ्याकडे नाही, ऐकणाऱ्याकडे बघायचं. बोलणारा फसवतो. ऐकणाऱ्याचा चेहरा खरं सांगून जातो."

खरी गोष्ट अशी, की टीव्हीवर दोघांची खाती वेगळी होती, शनिवारचा सिनेमा तिच्या खात्यावरून लागायचा, आणि तरी बाबांच्या खात्यात त्या त्या सिनेमाच्या चित्राखाली, किती बघून झालं ते दाखवणारी लाल रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली असायची. दुपारी "जरा पडतो" म्हणणारे बाबा खोलीत मोबाइलवर अख्खा सिनेमा बघून ठेवत. जन्मभर दुसऱ्यांचे पुरावे शोधणाऱ्याने स्वतःचा पुरावा असा चव्हाट्यावर टाकला होता. मिरवू दे बिचाऱ्यांना, म्हणून ती दर शनिवारी थक्क होत राहिली.

त्या दिवशीच्या सिनेमात एक नर्स आपल्या वेड्या पेशंटची हकिगत सांगत होती. अर्धा सिनेमा झाला तरी बाबांचा हात वर गेला नाही.

"काय साहेब? खोटं कोण बोलतंय?"

"नाही कळत बुवा. तू सांग."

"डॉक्टर," ती म्हणाली, आणि साफ चुकली. नर्सच पेशंट होती. मग सगळं उलटं फिरलं. नर्सच्या कमरेला किल्ल्या वाजत होत्या, पण एकही दार तिने स्वतः उघडलं नव्हतं. प्रत्येक वेळी दुसरंच कोणीतरी उघडत होतं. डॉक्टर व्हरांड्यात "आज कसं वाटतंय?" विचारायचे ते शिष्टाचार म्हणून नाही, तपासणी म्हणून. दिग्दर्शकाने काही लपवलं नव्हतं. सगळं समोर ठेवलं होतं, फक्त तिच्या आवाजाच्या आड.

बाबा तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"अभिनय जमत नाही हं तुम्हाला," ती म्हणाली.

बाबा हसले. सकाळी चहाला हाक मारली, तेव्हा ते उठले नाहीत.

मग भेटायला येणाऱ्यांचा सिनेमा सुरू झाला. आत्या, बाबांची धाकटी बहीण, दर पाहुण्याला सांगत होती, "दादाने शेवटचं पाणी माझ्या हातून घेतलं." त्या वेळी आत्या दुसऱ्या गावात होती. तिसऱ्या पाहुण्यापर्यंत पाण्याचं दूध झालं. लेक ऐकणाऱ्यांचे चेहरे बघत होती. त्यांना दूधच जास्त पटत होतं.

पाहुणे गेल्यावर आत्या बाबांच्या खुर्चीत टेकली, आणि सिरियल लावायला सांगून लगेच कुरकुरली.

"अगं, ही खुर्ची कशी लावलीय? टीव्ही निम्मा दिसत नाही. दादा इथून बघायचा तरी काय?"

"ती तशीच असायची, आत्या. हलवू द्यायचे नाहीत."

"मग मान मोडत असेल त्याची. इथून नीट दिसतेस ती तूच."

लेकीच्या हातातला रिमोट तसाच राहिला. ज्याने सिनेमा आधी बघितलाय, त्याला पडदा कशाला हवा? दुसऱ्यांदा बघताना ऐकणाऱ्याकडे बघायचं. नियम तर बाबांनी तोंडाने सांगून ठेवला होता. ती मात्र इतके शनिवार त्याला मिजास समजत होती.

आत्या आत पडायला गेल्यावर तिने बाबांचं खातं उघडलं. नर्सच्या चित्राखालची लाल रेघ नखाएवढी होती. त्या दुपारी ते खरंच पडले होते. बघवलं नव्हतं त्यांच्याने. म्हणून सोफा, म्हणून "नाही कळत बुवा", म्हणून उघडं तोंड. त्यात अभिनय नव्हता.

तिने रेघ थांबली होती तिथून सिनेमा सुरू केला आणि सोफ्यावर आपल्या जागी बसली. नर्सला कोणीतरी दार उघडून दिलं. लेकीने रिकाम्या खुर्चीकडे तोंड फिरवलं.

"बाबा, तुम्ही आधी बघून ठेवायचात. मला पहिल्यापासून माहीत होतं." मग ती पुढे म्हणाली, "तुम्ही ओळखलंत म्हणून मी थक्क व्हायचे ना, ते खोटं होतं. बाकी माझ्या तोंडावर जे बघितलंत, ते सगळं खरं होतं."