शून्य

आमचा ॲप लोक फोनमध्ये ठेवतात आणि देवाकडे मागतात की तो उघडायची वेळ येऊ नये. साप चावला तर त्यावरची लस कुठल्या आरोग्य केंद्रात आहे, एवढंच तो दाखवतो. लस असेल तर हिरवं, नसेल तर लाल.

केयूर आमच्या मालवणच्या ऑफिसचा प्रमुख. त्याने भिंतीवर तक्ता लावला होता : जुनी आवृत्ती वापरणारे फक्त दोन टक्के. म्हणजे काय, तर गेल्या महिन्यात ज्यांनी जुना ॲप उघडला ते. पण हा ॲप दर महिन्याला उघडणारा एक तर सर्पमित्र, नाही तर बिनकामाचा! ज्यांना तो लागणार, त्यांनी चार वर्षांपूर्वी फोनमध्ये घालून ठेवलाय आणि विसरून गेलेत. त्यांचे फोन इतके जुने की नवी आवृत्ती त्यांवर चढतच नाही. हे मी केयूरला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मला फणसाच्या भाजीला घरी जायचं होतं.

बदल साधा होता. आमचा सर्व्हर लशीच्या कुप्यांची संख्या आकड्यात पाठवायचा, आता ती मजकूर म्हणून पाठवणार होता. नव्या ॲपला ते कळत होतं. जुनी आवृत्ती मात्र एकच प्रश्न विचारते : काही आलं का? आकडा शून्य आला तर ती नाही म्हणते. पण शून्य मजकूर म्हणून आला, तर तिच्या लेखी काहीतरी आलं. डबा रिकामा असला तरी डबा आला, म्हणून ती हिरवं दाखवते.

हे मला माहीत नव्हतं, कारण मी बघितलंच नाही. कपाटातल्या जुन्या फोनवर जुनी आवृत्ती चालवली खरी, पण तपासणीच्या सर्व्हरवर प्रत्येक केंद्रात दहा कुप्या मीच भरल्या होत्या. कंटाळा, दुसरं काय. सगळी केंद्रं हिरवी आली. ‘जुन्या आवृत्त्या तपासल्या’ या ओळीपुढे मी खूण केली. खाली माझं नाव, समीक्षा.

बदल लागू झाला. दहा दिवसांनी माझ्या मावसभावाचा, धनेशचा फोन आला. काजूच्या बागेत बी गोळा करताना यशोदामावशीच्या हाताला फुरसं चावलं होतं. त्याने तिच्या जुन्या फोनवरचा ॲप उघडला, जवळचं केंद्र हिरवं दिसलं, तिकडे गाडी घातली. तिथल्या सिस्टरने सांगितलं, शनिवारपासून एकही कुपी नाही. तिथून उलट्या दिशेने मोठं हॉस्पिटल. सव्वा तास वाया गेला.

मी कपाट उघडलं. तपासणीच्या सर्व्हरवर एका केंद्रात शून्य भरलं आणि जुना फोन हातात घेतला. हिरवं.

केयूर म्हणाला, सगळ्यांना सक्तीने नवी आवृत्ती घ्यायला लावू. मी म्हटलं, सक्ती करायची सूचना वाचायची सोयच त्या जुन्या आवृत्तीत नाही. दुरुस्ती आपल्याच सर्व्हरवर करायला हवी. ॲप मागणी पाठवताना आपली आवृत्ती सांगतो, जुनी असेल तर पूर्वीसारखा आकडा पाठवायचा. अर्ध्या तासाचं काम होतं. सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या शेजारी बसून मी ते करून घेतलं आणि शून्य, एक, दहा, सगळं तपासलं. शून्याला आता लाल दिसलं.

तोवर केयूर अहवाल लिहीत होता. त्याने वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं, “वापरकर्त्याने कालबाह्य आवृत्ती वापरल्यामुळे.”

मला त्या माणसाची किळस आली. मावशीचा हात कोपरापर्यंत सुजलेला आणि हा दोष तिच्या फोनच्या गळ्यात बांधतोय. मी त्याला तसं तोंडावर म्हटलं. त्याने माझी खूण उघडून स्क्रीन माझ्याकडे वळवली. नाव माझंच होतं. मग किळस कुठे ठेवायची तेच कळेना.

मी त्याला ते वाक्य खोडायला लावलं आणि तिथे लिहिलं, शून्य कुप्यांची तपासणी समीक्षाने केली नाही. लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

आठवड्याने हॉस्पिटलात गेले. मावशीचं तिसरं डायलिसिस झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, लस तासभर आधी मिळती तर मूत्रपिंडं कदाचित वाचली असती. धनेश दाराशी उभा होता, माझ्याकडे बघत नव्हता. मावशीने चांगला हात पुढे केला.

“तुझ्या ऑफिसातला ॲप ना गो? म्हणान विश्वासान थंय गेलव.”

मी म्हटलं, “मावशी, तो मीच तपासलेला.”

तिने माझा हात थोपटला. “मगे बरोबरच आसतला. लस थंयच संपली, तेका तू काय करतलस?”

धनेशने तोंड फिरवलं. मी हात सोडवून घेतला नाही, आणि शून्य तपासलं नव्हतं हे तिला सांगितलंही नाही.