देवाच्या डोक्यावरून

दोन पॅच पॅनेल, प्रत्येकी चोवीस पोर्ट. कॉम्प्युटर नेटवर्कच्या अठ्ठेचाळीस केबल, दोन्ही टोकांना मिळून शहाण्णव लेबलं. सत्तेचाळीस पास. एकतीस नंबर नापास.

सदरमधल्या बियाण्यांच्या कंपनीचं हे ऑफिस. माझं पहिलं स्वतंत्र काम. पूर्ण पास रिपोर्ट दिला तर कायम नोकरी, नाहीतर पुन्हा गोदामात बॉक्स मोजणं.

टेस्टरवर दिसलं : लांबी ९४.३ मीटर. भिंतीतल्या पक्क्या केबलला मर्यादा नव्वदची.

"चार मीटर जास्त भेटले त्यायले. तक्रार काहून करतीन?" बळीरामभाऊ म्हणाले. वीस वर्षं केबल ओढणारा माणूस. "पास झालेला बारा नंबर पुन्हा तपास अन् रिपोर्टवर एकतीस लिही."

"अन् मग?"

"मग चहा."

"भाऊ, मशीनले फसवाल. केबल तेवढीच राहीन ना."

भाऊंनी वर पाहिलं. "तो वळसा नसता तर बसली असती गा."

वळसा मीच विचारात घेतला नव्हता. पॅनेलचा रॅक तळमजल्यावर आग्नेय कोपऱ्यात, कंपनीच्या मालकीण पुष्पलता मॅडमची केबिन दुसऱ्या मजल्यावर दुसऱ्या टोकाला, दोन्ही वास्तूप्रमाणे. वाटेत पहिल्या मजल्यावर देवघर. मॅडमचा हुकूम होता : देवाच्या डोक्यावरून केबल जाणार नाही. इतर केबल देवघराच्या आधीच संपत होत्या; ही एकटी पुढे केबिनपर्यंत जाणारी, म्हणून देवघराला अर्धी प्रदक्षिणा घालून गेली होती.

भाऊंना घेऊन मी देवघरापाशी मॅडमकडे गेले. "मॅडम, केबल देवघरावरून सरळ नेली तर चालेल?"

"अजिबात नाही वं. देवाच्या डोक्यावर काही नको."

तेवढ्यात छत हादरलं. धप, धप, धप. समईची ज्योत थरथरली.

"वर काय आहे?" मी विचारलं.

"झुंबा क्लास."

"किती जणी?"

मॅडम छताकडे बघत राहिल्या. "तीस असतीन." मग हळूच म्हणाल्या, "मीबी जाते. मंगळवारी अन् शुक्रवारी."

भाऊ खोकले. मला हसू आलं, ते मी टेस्टरच्या पडद्याकडे बघून दाबलं.

"माझी केबल सहा मिलीमीटरची आहे, मॅडम. नाचत नाही."

मॅडमनी पदर खोचला. "भाऊ, तो देव्हारा उचला. माझ्या केबिनीत ठेवा. तिथं वर गच्ची आहे नं?"

"हो जी, गच्चीच. कोणी नाचत नाही तिथं."

आधी नारळ फुटला, मग देव हलले. भाऊंनी केबल मागे ओढली, मोकळ्या छतातून सरळ नेली, रॅकपाशी उरलेला तुकडा कापला आणि आतल्या आठही तारा पुन्हा रंगाप्रमाणे पॅनेलवर ठोकल्या. कापलेल्या टोकाला मी नवं लेबल लावलं आणि दोन्ही टोकांची लेबलं वाचून पाहिली : एकतीस, एकतीस. वरून अजून धप धप चालूच होती. मी टेस्टरचं बटण दाबलं.

पोर्ट ३१. लांबी ८७.२ मीटर. पास.