कोरी डावी बाजू

मी चोर नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्यासारखी माणसं हेच वाक्य सगळ्यात आधी बोलतात.

मी दिनकर. केंद्र सरकारच्या ऑडिटमध्ये आहे. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. घरात आई चंद्रप्रभा आणि मुलगी अनुष्का. बायको जाऊन सहा वर्षं झाली. २००४ सालचा जानेवारी होता. गाझियाबादच्या पुढे शेतं सपाट करून नव्या सोसायट्या उठत होत्या, आणि आमच्यासारख्या कर्मचाऱ्यांसाठी घरं बांधणाऱ्या एका मंडळाचं ऑडिट आमच्या पार्टीकडे, म्हणजे तपासणीच्या पथकाकडे, आलं होतं.

त्याच मंडळात माझाही फ्लॅट होता. सोडतीत तिसरा मजला लागला होता. लिफ्ट नाही. आईचे गुडघे गेलेले. तळमजला मिळावा म्हणून मी अर्ज केला होता. ऑडिटला निघण्याआधी हे मी लेखी कळवायला हवं होतं. कळवलं असतं तर दुसरा माणूस गेला असता. मी कळवलं नाही. म्हटलं, अर्ज वेगळा, ऑडिट वेगळं.

आमच्याकडे शंका काढायची एक पद्धत आहे. कागद मधोमध उभा दुमडायचा. उजव्या अर्ध्यात आम्ही प्रश्न टाइप करायचा आणि डावा अर्धा कोरा ठेवायचा. समोरच्या कार्यालयाने त्या कोऱ्या जागेत उत्तर लिहून कागद परत द्यायचा. याला आम्ही हाफ मार्जिन म्हणतो. उत्तर पटलं तर शंका तिथेच मिटते. नाही पटलं तर ती अहवालात जाते आणि गंभीर असेल तर पार संसदेपर्यंत पोचते.

पावसाच्या पाण्याच्या नाल्याचं बिल होतं नऊशे मिलिमीटरच्या पाइपाचं. पैसे दिलेले. सहा जानेवारीला मी साइटवर गेलो, त्यांच्याच ज्युनिअर इंजिनिअरसमोर उघड्या खड्ड्यात टेप लावली. सहाशे भरले. त्याच दुपारी हाफ मार्जिन टाइप केला, खाली सही केली, तारीख घातली.

आणि संध्याकाळी जयदीप साहेबांनी चहाला बोलावलं. ते तिथले मोठे इंजिनिअर. आमची ओळख मंडळाच्या गणपतीतली, म्हणजे दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या. परमुलखात आपला माणूस भेटला की आपण किती ढिले पडतो ते मी त्या दिवशी शिकलो.

"दिनकरराव, आईंचा अर्ज माझ्याच टेबलावर आहे हो," ते म्हणाले. "गुडघ्यांचं दुखणं, मला काय कळत नाही? माझी आई गेली त्याच दुखण्यानं."

"तुमची मेहेरबानी, साहेब."

"मेहेरबानी कसली, यार! आणि त्या पाइपाचं आपण तोंडी मिटवू. कागद कशाला काळा करायचा?"

त्यांनी लाच दिली नाही. मी मागितली नाही. मी फक्त तो कागद बॅगेत ठेवला आणि दिला नाही. पंधरा दिवस.

वीस तारखेला, शाळेतून आल्यावर अनुष्का जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसली. दहावीत होती. उद्या नागरिकशास्त्राची टेस्ट.

"बाबा, हा प्रश्न पक्का येणार. सरकारी पैशावर लक्ष ठेवायला स्वतंत्र ऑडिट, भ्रष्टाचारविरोधी संस्था आणि लोकायुक्त का लागतात? तीन मार्क, ऐंशी शब्द. तुमचंच डिपार्टमेंट आहे ना, सांगा चलो."

मी सांगू लागलो. सांगताना आवाजही चढला माझा, शाळामास्तरासारखा. "लिही. पैसा खर्च करणाऱ्यानंच हिशेब तपासला तर तो स्वतःची चूक दाखवत नाही. म्हणून तपासणारा वेगळा हवा, आणि खर्च करणाऱ्याच्या हाताखाली नको. नियंत्रक व महालेखापरीक्षकाला सरकार मनात आलं म्हणून काढू शकत नाही. सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशासारखंच त्याला काढावं लागतं. त्याच्या पगारावर संसदेत मतदान होत नाही. त्याचा अहवाल संसदेपुढे जातो."

"मग तो चोराला पकडतो?"

"नाही. ऑडिट दाखवतं. शिक्षा देत नाही. अधिकाऱ्यांच्या भ्रष्टाचारावर केंद्रात सतर्कता आयोग आहे, तो चौकशी करायला लावतो, कारवाईचा सल्ला देतो. आणि लोकायुक्ताकडे साधा माणूस मंत्र्याविरुद्धसुद्धा तक्रार नेऊ शकतो. काही राज्यांत आहे, दिल्लीत आहे. केंद्रात लोकपाल अजून नुसता बिलातच आहे."

"बिल्कुल सोपं आहे!" ती म्हणाली. "आजी, एखादा रफ कागद आहे का गं?"

"तुझ्या बापाच्या बॅगेत रद्दीच असते, घे त्यातला," आई आतून म्हणाली.

मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर अनुष्का लिहीत होती. आणि तो कागद. उजवीकडे माझा प्रश्न, नऊशे आणि सहाशे. डावीकडच्या कोऱ्या अर्ध्यात तिचं गोल अक्षर, वरपासून खालपर्यंत: पैसा खर्च करणाऱ्यानेच हिशेब तपासला तर तो स्वतःची चूक दाखवत नाही.

"अगं, हा कागद..."

"सॉरी बाबा! अर्धा कोरा होता, मला वाटलं रद्दी." मग तिनं उजवी बाजू वाचली. वाचायला शिकवलंच मी तिला, काय करणार. "हा आपल्या सोसायटीचा पाइप आहे ना? सहा तारखेचा आहे. याचं उत्तर का नाही दिलं त्यांनी?"

"मी दिलाच नाही त्यांना."

"का?"

मी नियम सांगू शकलो असतो. प्रक्रिया, टप्पे, वेळापत्रक. बाप असलं पुष्कळ सांगू शकतो. ती माझ्याकडे बघत राहिली, मग आजीच्या खोलीकडे बघितलं. अर्जाचं तिला ठाऊक होतं. त्यावर डॉक्टरचं सर्टिफिकेट तिनंच चिकटवलं होतं.

"अच्छा," ती म्हणाली.

तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिनं वहीचं स्वच्छ पान काढलं, उत्तर पुन्हा लिहिलं, आणि तो कागद घडी न मोडता माझ्यापुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी मी तो अलकनंदा मॅडमपुढे ठेवला. त्या आमच्या वरिष्ठ, गढवालच्या. चष्म्यावरून त्यांनी बघितलं. "यह बच्चे की लिखावट है?"

"जी. मेरी बेटी की."

"और तारीख छह? आज इक्कीस है. पंद्रह दिन कहाँ था यह?"

मी सांगितलं. अर्ज, चहा, गुडघे, सगळं. त्या ओरडल्या नाहीत. पार्टीतून मला त्याच दिवशी काढलं आणि पाइपाचा कागद नव्याने टाइप करून मंडळाला रीतसर दिला. तळमजल्याचा अर्ज मी परत घेतला. आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग तिसऱ्यावर चढीन. पण माझे गुडघे विकायला तुला कुणी सांगितलं होतं रे?"

आठवड्यानं मला कार्यालयाचा एक कागद आला. मधोमध दुमडलेला. उजव्या अर्ध्यात प्रश्न टाइप केलेला: आपण आपला हितसंबंध का कळवला नाही आणि शंका पंधरा दिवस का रोखली, याचं स्पष्टीकरण द्यावं.

डावा अर्धा कोरा. वीस वर्षं मी ती जागा दुसऱ्यांसाठी सोडत आलो होतो. पेन उचलायला दुपार गेली. मग लिहिलं: "माझा स्वार्थ होता म्हणून." खाली सही केली, तारीख घातली, त्या दिवसाचीच.