शक्य असल्यास

दूध काढायला कंपनीने तिला दिलेली जागा म्हणजे सुट्या भागांची खोली. एका बाजूला फ्रिजच्या कॉम्प्रेसरची खोकी, दुसऱ्या बाजूला वॉशिंग मशीनचे पट्टे, मधे एक प्लॅस्टिकची खुर्ची. दाराला आतून कडी नाही. म्हणून ती एका हाताने पंप धरायची, पायाने दार धरायची आणि उरलेल्या हाताने ताईला मेसेज करायची.

तेवढ्यात दारावर थाप पडली. "बाई, एक रबरी पाइप हवा होता."

"दहा मिनिटांनी!" ती ओरडली, आणि तोच ओरडा तिने फोनमध्ये पुढे चालू ठेवला.

"ताई, मी आता कुणाचा तरी जीव घेणार आहे. ढब्बूचं पाळणाघर साडेपाचला बंद होतं आणि हा माणूस मला साडेसहापर्यंत खुर्चीला बांधून ठेवतो. कशासाठी? उद्या कोणता कारागीर कुणाच्या घरी दुरुस्तीला जाणार, त्याची यादी करायला! जी यादी सकाळपर्यंत नासते! रात्रीतून लोक कॉल रद्द करतात, ते मेसेज मी साडेनऊला येऊन वाचते, तोवर आपली माणसं नऊलाच बाहेर पडून कुलपं बघत फिरत असतात. पाच वर्षं हेच चाललंय. आणि आज मला म्हणतो, 'आई झाल्यापासून तुमचं लक्ष नसतं.' लक्ष! चार तास झोपून मी नऊ माणसांचे रस्ते लावते. सकाळचे दोन तास हवेत तर घे ना बाबा, ढब्बू आठपर्यंत झोपलेलाच असतो. पण मग संध्याकाळी मला सोड! मी काय दगड आहे? काकू महिनाअखेरीला मुलाकडे राहायला चालल्यात, त्यानंतर पाळणाघरातून पोराला कोण आणणार, त्याचा बाप? त्याचं ऑपरेशन कधी संपेल ते त्या पेशंटलाच विचारावं लागतं."

शेजारच्या काकू रोज साडेपाचला ढब्बूला आणून सातपर्यंत सांभाळायच्या. आता महिना संपायला सव्वीस दिवस होते. नवरा ऑपरेशन थिएटरमध्ये तंत्रज्ञ. सकाळी नऊपर्यंत घरी, पुढे परतायचा नेम नाही. पाळणाघराने लेखी कळवलं होतं, तीनदा उशीर झाला की जागा दुसऱ्याला. सव्वीस दिवसांत पाचला निघायची परवानगी मिळाली नाही तर नोकरी सोडायची, इतका सरळ हिशेब होता, आणि तिला ही नोकरी सोडायची नव्हती. यादी लावण्यात तिच्याइतकं तयार कुणी नव्हतं, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची आणि ते खरंही होतं.

ताई दुसऱ्या एका कंपनीत चौदा वर्षं एचआरमध्ये होती. तिने उत्तर पाठवलं, "आधी यातल्या शिव्या काढून टाकते. मग बघू काय उरतंय."

रविवारी दोघी ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. ढब्बू खाली चमचा आपटत होता. ताईने चष्मा लावला आणि तोच मेसेज वाचत एकेक ओळ उडवायला सुरुवात केली. "जीव घेणं, जाऊ दे. दगड, जाऊ दे. 'हा माणूस', जाऊ दे. हं, हे बघ, सोनं इथे आहे. यादी नासते. किती नासते?"

"खूप."

"खूप हा आकडा नाही. मोजून आण."

तिने मोजलं. वीस दिवस, नऊ कारागीर, दिवसाची पहिली भेट: एकशे ऐंशी. त्यातल्या एक्केचाळीस भेटींत दाराला कुलूप नाहीतर 'आम्ही कालच रद्द केलं होतं'. ती स्वतःच हबकली. पाच वर्षं नुसती चिडचिड करत होती, मोजायचं कधी सुचलं नव्हतं.

मग प्रस्ताव झाला, आणि झाला तो झकास. सकाळी पावणेसात ते पावणेनऊ घरून काम: रात्रीचे रद्द झालेले कॉल काढून ताजी यादी कारागिरांच्या फोनवर. साडेदहा ते पाच ऑफिस, मधे जेवणाला तासाऐवजी अर्धाच तास. एकूण आठ तास, आधी होते तेवढेच. पाचनंतर येणाऱ्या तक्रारी मदतकक्ष नोंदवतोच, त्या सकाळच्या यादीत जातील. तातडीचं काही असलं तर ड्युटीवरचा कारागीर आहे. तीन महिने करून पाहू, वाया गेलेल्या भेटी दर आठवड्याला मोजू. ढब्बूचा उल्लेख एका ओळीत.

शेवटचा परिच्छेद ताईने आपल्या हाताने लिहिला: 'सकाळची यादी घरून करण्यास मी तयार आहे. तसेच, शक्य असल्यास, सायंकाळी पाच वाजता निघण्याची मुभा मिळावी, ही विनंती.'

"हे जरा लाडिक नाही वाटत?" तिने विचारलं.

"अगं, मऊ लिहिलं की माणूस पटकन हो म्हणतो," ताई म्हणाली.

प्रस्ताव साहेबांना गेला, प्रत एचआरच्या मॅडमना. चार दिवसांनी उत्तर आलं. ती सुट्या भागांच्या खोलीत, पाय दाराला लावून, वाचू लागली.

'आपला प्रस्ताव अतिशय स्तुत्य आहे. सोमवारपासून सकाळची यादी घरून सुरू करावी. सायंकाळी पाच वाजता निघणे तूर्तास शक्य नाही. पुढील तिमाहीत विचार करू. आपल्या उत्साहाबद्दल आभार.'

तिने ते तीनदा वाचलं. सकाळचे दोन तास गिळले आणि संध्याकाळच्या दीड तासाबाबत तिच्या तोंडाला पानं पुसली! आठ तासांचे दहा झाले, वर उत्साहाबद्दल आभार. तळपायाची आग मस्तकात गेली. पंपाची बाटली कलंडून साडी भिजली, ते दहा मिनिटांनी कळलं.

आणि तरी, मूर्खासारखं, तिने पुढचे आठ दिवस ती यादी केली. यादी किती चांगली होते ते बघून साहेबांना आपोआप लाज वाटेल असा तिचा समज होता. लाज नाही वाटली. यादी मात्र खरंच चांगली झाली. आठ दिवसांत फक्त पाच भेटी वाया गेल्या. कारागिरांतले सर्वांत जुने, सगळे ज्यांना फ्रिजकाका म्हणत, ते तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "पोरी, गेला आठवडाभर मी एकदाही उगीच जिना चढलो नाही. काय केलंस?"

"दहा तास काम," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी ती थेट ताईकडे गेली आणि दारातच सुरू झाली. "तुझं ते 'शक्य असल्यास'! त्याने सरळ लिहिलं, शक्य नाही! तू त्याच्या हातात नकार तयार करून दिलास!"

ताईने पुन्हा प्रस्ताव उघडला. शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला. मग म्हणाली, "चूक माझी. चौदा वर्षं मी साहेबांच्या बाजूने पत्रं लिहितेय. 'शक्य असल्यास' ही आमची फट असते, तिच्यातून आम्ही सटकतो. तुझ्या पत्रात मी ती सवयीने ठेवली." चष्मा काढून पुसत ती पुढे म्हणाली, "मी पत्रातून तुझा राग काढायला बसले आणि त्याच्याबरोबर तुझी अटही काढून टाकली."

"बरं झालं सांगितलंस. सरक."

या वेळी लॅपटॉप तिने आपल्याकडे ओढला. जुना मेसेज शोधला, ती पंप धरून ओरडलेली ओळ: सकाळचे दोन तास हवेत तर घे, पण मग संध्याकाळी मला सोड. शिवी नव्हतीच त्यात. तरी ताईने ती ओळ उडवली होती. तिने ती धुऊन, इस्त्री करून लिहिली:

'सकाळचे दोन तास आणि सायंकाळी पाच वाजता निघणे ही एकच व्यवस्था आहे. तिचा एक भाग मंजूर नसल्यास दुसरा लागू होत नाही. आठ दिवस मी दोन्ही वेळा काम केले. त्या यादीत वाया गेलेल्या भेटी बहात्तरपैकी पाच. लेखी मंजुरी मिळेपर्यंत सोमवारपासून मी मूळ वेळ, साडेनऊ ते साडेसहा, पाळेन.'

"कडक आहे," ताई म्हणाली.

"खरं आहे."

सोमवारी ढब्बू सातलाच उठला आणि ती लॅपटॉप न उघडता त्याच्याबरोबर बसली. काकू जायला तीन दिवस उरले होते. साडेनऊला ऑफिसात पोचली तेव्हा फ्रिजकाकांचा पहिला फोन येऊन गेलेला होता: चौथा मजला, लिफ्ट बंद, खांद्यावर कॉम्प्रेसर, दाराला कुलूप. मंगळवारी दोघांचे तसेच फोन. बुधवारी सकाळी नऊच्या नऊ कारागीर बाहेर पडलेच नाहीत, साहेबांच्या केबिनपुढे उभे राहिले. आवाज तिच्या टेबलापर्यंत येत होता.

"सकाळची यादी बंद का केली साहेब? आमचे गुडघे काय फुकट आलेत?"

साडेदहाला साहेबांनी तिला बोलावलं. एचआरच्या मॅडम आधीच बसल्या होत्या, पुढ्यात तिच्या दोन्ही पत्रांच्या छापील प्रती. पहिल्यावर काही नव्हतं. दुसऱ्यावर त्यांनी 'एकच व्यवस्था' खाली रेघ मारली होती.

"हे बघा," साहेब म्हणाले, "तुमचं आधीचं पत्र किती नम्र होतं. आणि हे? अशी भाषा शोभते का? यात कुठे साधं 'कृपया'सुद्धा नाही."

तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ओरडायचं असतं तर तिच्याकडे पाच वर्षांचा साठा होता. तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडम साहेबांकडे न बघता म्हणाल्या, "तासांची बेरीज आठच आहे. मी तपासली."

"भाषेचं म्हणतोय मी," साहेब म्हणाले.

ती पुढे झाली. पत्र ओढलं, टेबलावरचं पेन उचललं, आणि अगदी खाली, त्यांच्या सहीसाठी सोडलेल्या रेघेच्या अलीकडे, सावकाश, वळणदार अक्षरात एक शब्द लिहिला: 'कृपया'. मग पेन त्यांच्यापुढे धरलं.

साहेबांनी पेनाकडे पाहिलं, काचेबाहेर अजून उभ्या असलेल्या फ्रिजकाकांकडे पाहिलं, आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी, सकाळची यादी घरून करून आलेली ती पाच वाजता उठली. मागून कुणीतरी म्हणालं, "आज अर्धा दिवस वाटतं?"

ती थांबली, वळली, आणि म्हणाली, "नाही. पूर्ण." आणि पाळणाघर बंद व्हायच्या आत पोचण्यासाठी जिना उतरू लागली.