६९७ वरचं टोक

कशेडी घाटात ट्रक आडवा झालाय.

नमुन्याच्या काचेच्या पेटीत निळसर पाणी, बोटभर.

शिपाई चंदू चहाला आलं किसतोय.

बारा जर्नल्स, बारा तपकिरी कव्हरं.

फोनमध्ये लिहून पुसलेला एक मेसेज.

ट्रक आडवा झाला म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेला चिपळूणहून निघालेले बाहेरचे परीक्षक दोन तास उशिरा येणार होते. मुजम्मिल सरांना हे दोन तास नको होते. महाडच्या त्या कॉलेजात एम.एस्सी.ला ते पंधरा वर्षं अकार्बनिक रसायन शिकवत होते, आणि आज पहिल्यांदाच त्यांना प्रयोगशाळेत शिरताना दारात थांबावंसं वाटलं.

झालं होतं असं. सोमवारी कुडपणच्या तेजश्रीने क्रोमियम ऑक्झॅलेटचा वर्णपट आणून दाखवला. क्रोमियमकडे तीन डी-इलेक्ट्रॉन, भोवती ऑक्सिजनचा अष्टफलक. आलेखावर दोन रुंद पट्टे, ५७१ आणि ४१९ नॅनोमीटरला. शिवाय ६९७ ला एक बारीक टोक. ५७१ च्या पट्ट्यावरून तिने विभाजन ऊर्जा, म्हणजे डी-पातळ्यांमधलं अंतर, काढली होती १७,५०० प्रति सेंटीमीटर.

"चौदा हजार तीनशे पन्नास यायला हवं," सर म्हणाले. "दरवर्षी येतं."

"सर, पण ते ६९७ चं टोक..."

"तोच पहिला पट्टा. तुझा नमुना ओला राहिला असणार. नाहीतर आकडा कुठून तरी उचललास. उचलायलाही डोकं लागतं, तेजश्री."

वर्ग हसला. तीही थोडं हसली, तेच वाईट. सरांनी लाल पेनाने पानावर फुली मारली. मग तिने खोडरबर घेऊन १७,५०० पुसलं आणि त्यांचा आकडा लिहिला.

मंगळवारी दुपारी सर नुसतेच बसले होते म्हणून त्यांनी तिचा आलेख पुढ्यात ओढला. वर्णपटावरून विभाजन वाचायच्या तानाबे-सुगानो आकृतीची विभागातली प्रत झेरॉक्सची झेरॉक्स होती, तुटक रेषा केव्हाच पुसट झालेल्या. त्यांनी पुस्तकातली मूळ आकृती काढली. आडव्या अक्षावर क्षेत्राची ताकद, उभ्यावर ऊर्जा, दोन्ही बी या, इलेक्ट्रॉनांचा आपसातला रेटा मोजणाऱ्या, एका संख्येने भागलेल्या. मूळ आकृतीत ६९७ च्या टोकाची ती तुटक रेषा जवळजवळ आडवी जात होती. इलेक्ट्रॉनची फिरकी उलटावी लागते म्हणून निषिद्ध, म्हणून एवढं बारीक टोक. क्षेत्र वाढो की घटो, तिची ऊर्जा फारशी हलत नाही. तिच्यावरून विभाजन वाचणार तरी काय?

पहिली परवानगीची रेषा होती ती सरळ पंचेचाळीस अंशात चढणारी. तीन डी-इलेक्ट्रॉन असले की तिची ऊर्जा म्हणजेच विभाजन. हिशोब नाहीच.

त्यांनी पट्टी घेतली. दोन रुंद पट्ट्यांचं गुणोत्तर १.३६. पट्टी उभी धरून सरकवत नेली. आडव्या अक्षावर अठ्ठावीसच्या जरा पुढे दोन्ही रेषांच्या उंचीचं गुणोत्तर तेवढंच आलं. बी निघालं सहाशेवीसच्या आसपास, शहाणं. मग स्वतःचा आकडा घेतला. बी आलं २८४, निम्म्याहूनही कमी, आणि तिसरा पट्टा ३३६ नॅनोमीटरला पडायला हवा होता. ४१९ ला जागाच उरली नाही. सोमवारी तेजश्री हेच सांगू पाहत होती.

हाच आकडा त्यांनी पंधरा वर्षं शिकवला होता. पंधरा तुकड्या.

संध्याकाळी त्यांनी तिला लिहिलं, 'तुझं बरोबर होतं, वहीत बदल.' वाचलं. पुसलं. उद्या सकाळी तोंडी सांगू, असं स्वतःला समजावलं. सकाळी मुलं भोवती होती, मग धीर झाला नाही.

"सर, साहेब पोलादपूर सोडून निघालेत," चंदू म्हणाला. "चा आता टाकू, की नाय?"

"टाक."

परीक्षक आले, घामाघूम आणि खुशीत. पहिलीच तेजश्री. त्यांनी आलेख पाहिला.

"चौदा हजार तीनशे पन्नास. मग ४१९ चा पट्टा कुणाचा?"

तेजश्रीने सरांकडे पाहिलं. उत्तर तिला येत होतं, हे सरांना दिसलं.

परीक्षकांनी दुसरी वही उघडली. तिसरी. चौथी. सगळीकडे १४,३५०.

"काय हो मुजम्मिल सर, सगळे एकाच विहिरीचं पाणी प्यालेत?"

मुलं खाली मान घालून उभी. चहा आला आणि तसाच राहिला.

"आकडा माझा आहे," मुजम्मिल सर म्हणाले. आवाज बारीक निघाला, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं. "माझा आहे. हिने १७,५०० लिहिलं होतं. मी खोडायला लावलं. वर वर्गासमोर तिलाच बोललो."

परीक्षकांनी कप उचलला, खाली ठेवला. "मार्क मी समोर लिहिलंय त्यालाच देतो, सर."

"मग तिला पट्टी द्या, आत्ता समोरच काढू दे. बाकीच्यांनाही."

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं आणि पट्टी पुढे केली. तेजश्रीने ती घेतली, आकृतीवर उभी धरली आणि सरकवू लागली. मुजम्मिल सरांकडे तिने पाहिलं नाही. त्यांनी तिला खुर्ची दिली, ती तिने घेतली नाही.

मागच्या महिन्यात तिने तोच नमुना नीट वाळवून तीनदा मोजला होता, आणि तिन्ही वेळा पट्टा ५७१ लाच आला होता.